चमक दोन थेंबांची

रंग लावल्यावर केस राठ दिसतात, कारण रंगाने केसावरचे बारीक खवले उघडतात. सीरम त्यांना बरे करत नाही. त्यातले सिलिकॉन वर पातळ थर देते, म्हणून केस मऊ आणि रंग गडद वाटतो. धुतले की थर बराचसा जातो.

भाचीच्या लग्नात मी सहा थेंब मुळापासून चोळले आणि केस तेलकट, चिपचिपीत झाले. आता ओलसर केसांना दोनच थेंब, कानाखालून टोकांपर्यंत.

बाटलीवर ‘सिल्क प्रोटीन’ दिसले की मात्र मी ती परत ठेवते. रेशीम बहुतेकदा किड्यांना मारूनच मिळते ना? नुसत्या डायमेथिकोननेही चमक येते. मग जीव कशाला घ्यायचा?