प्रकल्पाची माहिती उतरवण्याआधी संकेतस्थळ तपासा : पालकांना तातडीचे आवाहन

सन्माननीय पालक,


सातवीच्या ‘महाराष्ट्रातील जागतिक वारसास्थळे’ या प्रकल्पाच्या वह्या आम्ही तपासल्या. कुणी पाच स्थळे लिहिली आहेत, कुणी सहा. ज्यांनी मराठ्यांच्या किल्ल्यांचा उल्लेख केला, त्यांतल्या काहींनी बाराही किल्ले महाराष्ट्रात दाखवले आहेत. सगळ्यांचे उत्तर एकच, ‘नेटवर तसंच होतं.’ चित्रे उतरवून घेण्यासाठी काही मुलांनी घरच्यांचा मोबाइल नंबरही देऊन टाकला आहे. पुढचे प्रकल्प सोमवारी दिले जातील, म्हणून हे पत्र आजच पाठवत आहे.

मुलाने माहिती वहीत उतरवण्याआधी आपण त्याच्याशेजारी दहा मिनिटे बसा आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट पत्ता. मोबाइलवर पत्ता अर्धवट दिसतो, म्हणून त्यावर बोट ठेवून तो पूर्ण उघडा. `https://` नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचा भाग मालक सांगतो. `whc.unesco.org/en` या पत्त्यात रेघेच्या डावीकडे `unesco.org` आहे, म्हणजे हे स्थळ युनेस्कोचेच. `unesco.org.example.com/en` या पत्त्यात युनेस्कोचे नाव असले, तरी मालकी `example.com` ची आहे. रेघेच्या लगेच डावीकडे `.gov.in` किंवा `.nic.in` असेल, तर ते सरकारी स्थळ. `.org` मात्र कोणालाही विकत घेता येते, त्यामुळे तेवढ्यावरून संस्था विश्वासाची ठरत नाही. पत्त्याजवळचे कुलूपही फसवते. आपला मोबाइल आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली देवाणघेवाण वाटेत कोणी वाचू शकत नाही, इतकेच ते सांगते. मजकूर खरा आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट, कोणी लिहिले आणि कधी. मुलांच्या चुका इथेच झाल्या. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, घारापुरी १९८७ मध्ये, छत्रपती शिवाजी टर्मिनस २००४ मध्ये, पश्चिम घाट २०१२ मध्ये. त्यामुळे २०१८ च्या आधी लिहिलेले पान जास्तीत जास्त पाचच स्थळे दाखवणार. त्या वर्षी मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींची भर पडली, जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे किल्ले आले आणि संख्या सात झाली. जुनी पाने लिहिली तेव्हा बरोबर होती, पण आज अपुरी आहेत. पानावर तारीख आणि लेखकाचे किंवा संस्थेचे नाव नसेल, तर त्यातला आकडा वहीत घेऊ नका. सरकारी स्थळांवरही जुनी पाने राहून जातात, म्हणून तिथेही तारीख पाहाच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पान खरे की खोटे, हे त्याच पानावर शोधत बसू नका. दुसरी खिडकी उघडून मूळ ठिकाणी जा. या प्रकल्पासाठी ते ठिकाण म्हणजे `whc.unesco.org/en/statesparties/in`. तिथे भारतातील सर्व स्थळे वर्षासह दिली आहेत. किल्ल्यांच्या नावावर क्लिक केले की कळते, बारांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. एकसारखा मजकूर पाच संकेतस्थळांवर दिसला, तरी तो पाच वेळा पडताळला असे होत नाही. बहुतेक वेळा सगळ्यांनी तो एकाच ठिकाणाहून उचललेला असतो. विकिपीडियावर वाचत असाल, तर पानाच्या तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत जा.

आता मोबाइल नंबरविषयी. शालेय प्रकल्पाच्या माहितीसाठी नंबर, ओटीपी किंवा आधार क्रमांक द्यावा लागत नाही. एखादे पान यांपैकी काही मागत असेल किंवा चित्राऐवजी `.apk` फाइल उतरवायला सांगत असेल, तर ते तत्काळ बंद करा. एकाच पानावर ‘डाउनलोड’ची तीन-चार बटणे असतील, तर त्यांतली बहुतेक जाहिराती असतात. मुलाने आधीच ओटीपी दिला असेल, तर त्याला रागावत बसण्यात वेळ घालवू नका. पैसे गेल्याचे दिसताच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

सोमवारपासून प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर मुलाने वापरलेल्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, पानावरची तारीख आणि पडताळा कुठे घेतला ते लिहावे, आणि त्याखाली आपण सही करावी. घरी इंटरनेट नसेल किंवा वेळ मिळत नसेल, तर शाळा सुटल्यावर संगणक कक्ष उघडा राहील. वर्गशिक्षक मुलांसोबत बसतील.

आपली सही ही आपण ते पान स्वतः उघडून पाहिल्याची खूण असावी. न पाहता सही करू नका, ही कळकळीची विनंती.

आपली,
मुख्याध्यापिका