सोन्याचा भाव पडला तरी खाणी बंद का पडत नाहीत?

सोनं जरा उतरलं की आपल्या सराफ बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आता खाणवाल्यांचा खर्चपण निघंना, खाणी बंद पडतील, माल कमी होईल, भाव वर जाणारच. घेऊन ठेवा!” या भरवशावर लग्नासाठी ठेवलेला पैसा अडकवण्याआधी हे एकदा वाचा.

खाणवाला सोनं विकतो डॉलरच्या भावानं, पण मजुरी, वीज, स्थानिक कंत्राटं यांचे पैसे देतो आपल्या देशाच्या चलनात. गोम इथंच आहे.

रशियाचं बघा. 2014 च्या सुरुवातीला सोनं औंसाला साधारण 1,200 डॉलर होतं आणि एका डॉलरला 33 रूबल मिळायचे. म्हणजे औंसामागे खाणवाल्याला जवळपास 40 हजार रूबल. 2015 च्या अखेरीस सोनं 1,060 डॉलरवर आलं, पण डॉलर गेला 73 रूबलवर. आता त्याच औंसाचे 77 हजार रूबल! जगाला वाटलं भाव पडला, तिकडं तो दुपटीच्या जवळ गेला.

खर्चाचंही तसंच. समजा औंसाला 20 हजार रूबल लागत होते, म्हणजे 600 डॉलर. महागाईनं ते 25 हजार झाले, तरी नव्या दरानं साडेतीनशेच डॉलर होतात. असा खाणवाला उत्पादन कशाला कमी करील? 2011 नंतर डॉलरमधला भाव चार वर्षं घसरत होता, तरी जगातलं खाणीतलं उत्पादन वाढतच गेलं. त्यामागचं हे एक मोठं कारण.

पण याला मर्यादा आहेत. आयात यंत्रं आणि सुटे भाग डॉलरमध्येच येतात, डॉलरचं कर्ज असेल तर ते फुगतं. वर्ष-दोन वर्षांत मजुरीही चढते. आणि कमजोर चलन जमिनीत सोनं घालत नाही. आपल्या शेजारचं कोलार बघा. 1991 ते 2001 मध्ये रुपया डॉलरला 18 वरून 46 वर घसरला, तरी 2001 मध्ये खाण बंदच झाली. तीन किलोमीटर खोल जायचं आणि दगडात सोनं नावाला, मग रुपया काय करणार? रायचूरजवळची हट्टीची खाण मात्र चालू आहे, कारण तिथं काढण्याजोगं सोनं अजून आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. “खाणीचा खर्च इतका, त्याखाली भाव जाणार नाही” असं कुणी सांगितलं तर एकच विचारा: कुठल्या देशातली खाण, आणि तिथल्या चलनाचं काय झालं? उत्तर नसेल तर पाकीट खिशातच राहू द्या. लग्नाला लागतंय तेवढं जरूर घ्या, पण खाणी बंद पडतील या आशेवर नको.