बिजागरीचा पासपोर्ट फोटो

रविवारी सकाळी आईनं सिंकखालचं शटर उघडलं आणि ते तिच्या हातातच आलं. म्हणजे अगदी पूर्ण नाही. वरची बिजागरी तुटली होती आणि शटर खालच्या एकीवर लटकत होतं, आईच्या पायाच्या अंगठ्यापासून जेमतेम चार बोटांवर. ‘तुमची ही मॉड्युलर किचन्स!’ असं म्हणून तिनं ते भिंतीला टेकवलं आणि पोह्यांकडे वळली.

माझा फ्लॅट रीसेलचा. बाणेरला. किचन आधीच्या मालकांनी करून घेतलेलं, बिल नाही, कॅटलॉग नाही. ज्यांनी ते बनवलं होतं त्यांचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, ‘मॅडम, ही सिरीज बंद झाली. सगळी शटर्स बदलून घ्या.’ कोटेशन पाच आकडी! आणि तुटलेली वस्तू केवढी? माझ्या तळहातात मावणारी.

मग मी जे सगळे करतात तेच केलं. मोबाइल काढला, बिजागरीचा फोटो घेतला, जवळच्या दुकानात दाखवला. दुकानदारानं फोटोकडे अर्धा सेकंद पाहिलं आणि म्हणाला, ‘ऑटो हिंज. किती पीस?’ दोन घेतल्या. दिसायला डिट्टो. दोन कॉफींच्या पैशात काम झालं, या आनंदात मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बसवल्या. शटर बंद केलं आणि ते शेजारच्या सिलिंडरच्या शटरवर जाऊन आपटलं. पूर्ण बंदच होईना! मिस्त्रींनी स्क्रू फिरवून बघितले, शटर एक-दोन एमएम सरकलं आणि थांबलं. मग ते हसले. ‘ताई, तुम्ही झिरो क्रँक आणलंय. आपल्याला एट क्रँक पाहिजे.’

तर मंडळी, आजचा विषय क्रँक.

शटरच्या आतल्या बाजूला गोल खड्ड्यात बसलेली जी बिजागरी असते, तिचे तीन भाग. शटरमध्ये बसतो तो कप, कॅबिनेटच्या बाजूच्या फळीवर बसते ती प्लेट आणि दोघांना जोडणारा हात. कप बहुतेक वेळा ३५ एमएमचाच असतो. त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत सगळ्या बिजागऱ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. खरा फरक असतो हाताला किती बाक आहे, यात. हात सरळ असेल तर झिरो क्रँक. थोडा उचललेला असेल तर एट क्रँक, काही जण त्यालाच नाइन म्हणतात. हंसाच्या मानेसारखा चांगलाच वळलेला असेल तर सिक्स्टीन.

आणि हा बाक कशासाठी, हे कळलं की पुन्हा चूक होत नाही. बंद केल्यावर शटर बाजूच्या फळीची कड किती झाकतं, ते या बाकावर ठरतं. कोपऱ्यातलं शटर एकटंच असतं, ते फळीची कड जवळजवळ पूर्ण झाकतं. तिथे झिरो. पण मधल्या पार्टिशनवर दोन शटर्स येतात, दोघांना ती कड अर्धी-अर्धी वाटून घ्यावी लागते. तिथे एट. आणि शटर फळीच्या पुढे न येता दोन फळ्यांच्या आतच बसत असेल तर सिक्स्टीन. माझ्याकडे सिंक आणि सिलिंडर यांच्यामध्ये एकच पार्टिशन. मी आणलेल्या झिरो क्रँकनं सिंकच्या शटरला सांगितलं, ‘सगळी कड तुझी.’ मग शेजाऱ्याशी भांडण होणारच ना!

याची खात्री करायला फोटोपेक्षा पेन्सिल बरी. मिस्त्रींनी माझ्यासमोर केलं ते असं. सिंकचं शटर हातानं सरळ धरून बंद ठेवलं, शेजारचं सिलिंडरचं उघडलं आणि सिंकच्या शटरच्या कडेला लागून पार्टिशनच्या पुढच्या कडेवर एक रेघ ओढली. मग शटर उघडून, पार्टिशनच्या सिंककडच्या अंगापासून रेघेपर्यंत मोजलं. आठ एमएम. पार्टिशनची जाडी अठरा. म्हणजे आठ याचे, आठ त्याचे आणि मध्ये दोन एमएमची फट. हाच आकडा सोळाच्या आसपास आला असता, तर मी आणलेल्या बिजागऱ्या चालल्या असत्या.

दुसऱ्या खेपेला मी भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळच्या एका दुकानात व्हॉट्सॲप केलं. तिथल्या काकांचं पहिलं उत्तर आलं, ‘फोटो वरून काढा. आणि शेजारी पट्टी ठेवा.’ आधीचा फोटो मी कॅबिनेटमध्ये डोकं घालून, तिरका, फ्लॅश मारून काढला होता. त्यात कप चकाकत होता आणि हात अंधारात. काकांना हवा होता तो फोटो असा: शटर काटकोनात उघडलेलं, मोबाइल बिजागरीच्या बरोबर वर आणि लेन्स सरळ खाली. अशा फोटोत हाताचा बाक बाजूनं दिसतो. दुसरा फोटो कपचा, अगदी समोरून, स्टीलची पट्टी कपच्या दोन स्क्रूंना लागून धरलेली. पट्टी पुढे आणि बिजागरी मागे असेल तर आकडा खोटा येतो, कारण जवळची वस्तू मोठी दिसते. तिसरा फोटो शटर बंद असताना दुरून, शेजारच्या शटरसकट.

पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ एमएमचं असतं. कप नाण्यापेक्षा स्पष्ट मोठा दिसला तर ३५. जवळजवळ नाण्याएवढाच दिसला तर ती छोटी २६ एमएमची बिजागरी आहे, बारीक किंवा काचेच्या शटरला लावतात ती. (माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्यानं मापासाठी शेजारी डेबिट कार्ड ठेवलं होतं. नंबरसकट. असं करू नका!)

स्क्रूंना लागून पट्टी का? कप ३५चाच असला, तरी त्याच्या दोन कानांमधल्या स्क्रूंचं अंतर कंपनीप्रमाणे बदलतं. सर्वांत जास्त दिसतं ते ४८ एमएम. ब्लूमचं ४५, हेटिकच्या काहींचं ५२. माझं ४८ निघालं, सुटले. नाहीतर नवी भोकं जुन्या भोकांना अर्धी चिकटून पडतात, आणि पार्टिकल बोर्डात अशी भोकं स्क्रू धरत नाहीत. कपच्या आत किंवा हातावरच्या झाकणाखाली कंपनीचं नाव कोरलेलं असतं, त्याचाही क्लोजअप पाठवा. नाव मिळालं की काकांचं अर्धं काम होतं. जुनी प्लेट तशीच ठेवून नुसता नवा हात आणायच्या फंदात मात्र पडू नका. एका कंपनीचा क्लिप दुसरीच्या प्लेटवर बसेलच असं नाही. प्लेटसकट घ्या आणि प्लेटची उंची जुनीइतकीच आहे ना, तेवढं बघा.

एक गोष्ट फोटोत कधीच कळत नाही. गंज धरणारं निकेल प्लेटिंग आणि खरं स्टेनलेस, दोन्ही सारखीच चमकतात. माझी वरची बिजागरी तुटली ती आतून गंजून, कारण वर सिंक. काकांनी विचारलं, ‘सिंकखालची आहे का? मग एसएसची न्या.’ त्यांनी दुकानातच लोहचुंबक लावून दाखवलं. ३०४ ग्रेडच्या कपला आणि हाताला ते जवळजवळ चिकटत नाही. स्क्रूंना चिकटलं तर घाबरू नका. फ्रिजवरचं मॅग्नेट सोबत न्या, लाजायचं कारण नाही.

आणि बिजागरी बदलण्याआधी स्क्रू फिरवून बघा. तो नुसताच गरगरत असेल तर दोष भोकाचा आहे. प्लाय कोरडा आणि टणक असेल तर भोकात काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून मिस्त्री ते पुन्हा धरतं करतात. पण पाणी पिऊन फुगलेल्या बोर्डात कुठलीच नवी बिजागरी टिकत नाही. तिथे शटर बदलावंच लागतं. त्या एकाच बाबतीत कोटेशनवाला बरोबर असू शकतो, आणि तेही एका शटरपुरताच.

एवढं शिकल्यावर ट्रॉलीची कुरकुरही ऐकू यायला लागली. मसाल्यांची ट्रॉली अर्ध्यावर अडकायची. ट्रॉली पूर्ण ओढून बाजूनं फोटो काढला. दोन्ही अंगांना स्टीलच्या पट्ट्या एकात एक सरकणाऱ्या आणि मध्ये बारीक छर्रे. म्हणजे टेलिस्कोपिक चॅनेल. पांढरा रंग आणि टोकाला प्लॅस्टिकचं चाक दिसलं असतं, तर ते साधं रोलर चॅनेल. बाजूला काहीच दिसत नसेल तर खाली वाकून बघा, चॅनेल ट्रॉलीच्या पोटाखाली असतं, आणि ते वेगळंच प्रकरण आहे. दोघांची अदलाबदल होत नाही.

चॅनेलची लांबी बंद स्थितीत मोजायची. माझी भरली ४५० एमएम. टेप इंचात धरली तर पावणेअठरा येतात आणि माणूस गोंधळतो. पण दुकानात त्यालाच ‘अठरा इंची’ म्हणतात. दुसरं माप फटीचं. कॅबिनेट आतून ५६४ एमएम, ट्रॉली बाहेरून ५३८. उरले २६, म्हणजे एका बाजूला १३. नेहमीच्या टेलिस्कोपिकला साधारण एवढीच जागा लागते. फट याहून बरीच कमी-जास्त असेल तर तुमचं चॅनेल वेगळ्या जाडीचं आहे. तेव्हा जुनं काढून हातात घेऊन दुकानात जा. काढणं सोपं आहे: दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या दाबायच्या, बहुतेक वेळा एक वर आणि एक खाली, आणि ट्रॉली ओढायची. आधी हळदीचे डबे काढा. मी काढले नव्हते.

चॅनेल जोडीनंच बदला, नाहीतर नवं सरकतं आणि जुनं रडतं. आणि ट्रॉलीला हँडल नसेल तर पुढच्या बाजूचाही फोटो पाठवा. तशी ट्रॉली दाबल्यावर उघडणाऱ्या चॅनेलवर असते. तिला साधं सॉफ्ट-क्लोज बसवलंत तर ती छान हळुवार बंद होईल आणि मग उघडायला तुम्हाला चमचा घालावा लागेल.

शनिवारी मिस्त्री आले. एट क्रँकच्या दोन एसएस बिजागऱ्या, कपचे स्क्रू जुन्याच भोकांत. शटर बंद झालं, शेजारच्याला न शिवता. आईनं तीनदा उघडझाप करून पाहिली, मग फटीत नख घालून बघितलं आणि म्हणाली, ‘आता त्या दोन झिरोवाल्यांचं काय करणार?’ त्या ठेवल्यात. कोपऱ्यातलं ओव्हनखालचं शटर एकटंच आहे, त्याची कड मी पेन्सिलनं मोजून ठेवलीय. सोळा.