तुमच्या नोंदीत माझे वडील अजून नॉमिनी आहेत

मा. विभागीय व्यवस्थापक,
आयुर्विमा कंपनी, छत्रपती संभाजीनगर

महोदय,

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. आपलं पत्र आहे हे आपल्याला कळेलच, आणि शहरातल्या इतर कंपन्यांच्या खिडक्यांवरही कुणी चपापलं तर माझी हरकत नाही.

माझी पॉलिसी 2016 ची आहे. वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली त्या वर्षी घेतलेली, विमा रक्कम 15 लाख, नॉमिनी वडील. 2023 च्या डिसेंबरमध्ये माझं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी वडील गेले. त्यानंतर मी आपल्या शाखेत नॉमिनी बदलण्याचा अर्ज दिला: आई 50 टक्के, नवरा 50 टक्के. सोबत मूळ पॉलिसी, दोघांची ओळखपत्रं, जन्मतारखा, बँक खात्यांचे तपशील, महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आईच्या नात्यासाठी माझी दहावीची गुणपत्रिका, कारण तिच्यावर आईचं नाव छापलेलं असतं. आपल्या शाखेने अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून दिला. तो शिक्का अजून ठळक आहे. बाकी काही घडलेलं नाही.

नाही, घडलं. आक्षेप आले. तेही तोंडी, कारण लिहून दिले तर त्यांना उत्तर देता येतं.

पहिला आक्षेप असा की मी नाव बदललेलं नाही. "लग्न झालंय ना, मग आधी पॉलिसीवर सासरचं नाव लावा, राजपत्राची प्रत आणा, मग नॉमिनीचं बघू." महोदय, लग्नानंतर स्त्रीने नाव बदललंच पाहिजे असा कायदा या देशात नाही. माझं आधार, पॅन, बँक खातं आणि विवाह प्रमाणपत्र, सगळीकडे एकच नाव आहे आणि तेच पॉलिसीवर आहे. जे बदललेलंच नाही त्याच्या बदलाचा पुरावा मी कुठून आणू? उलट आपल्या सल्ल्याने पॉलिसीवर एक नाव आणि ओळखपत्रांवर दुसरं झालं असतं, तर दाव्याच्या वेळी आपणच ते फाइलला लावून धरलं असतं.

दुसरा आक्षेप पत्त्याचा. पॉलिसीवर औरंगाबाद, प्रमाणपत्रावर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे "पत्ता जुळत नाही". 2023 च्या फेब्रुवारीत केंद्राने शहराच्या नव्या नावाला मंजुरी दिली. आपल्या शाखेच्या दारावरची पाटी बदलली, पावत्या बदलल्या. शहर एकच आहे हे पटवण्यासाठी मी कोणता दाखला आणायचा हे मात्र आपल्या खिडकीलाही सांगता आलं नाही.

तिसरा आक्षेप नवऱ्याच्या आधारवर. त्यावर "पत्नी" म्हणून माझं नाव नाही म्हणे. आधारवर आता नातं छापतच नाहीत, केवळ 'द्वारा' लिहून एक नाव येतं. आधार नात्याचा पुरावा नाहीच. त्यासाठी राज्याचा 1998 चा विवाह नोंदणी कायदा आहे. त्याखाली तीन साक्षीदारांच्या सह्यांनी ज्ञापन दाखल होतं, ते नोंदवून निबंधक प्रमाणपत्र देतात. ते प्रमाणपत्र आपल्या फाइलमध्ये पडलेलं आहे. ज्यांनी लग्न नोंदवलेलं नाही त्यांची अडचण मला समजते. माझ्यापुढे तीच का मांडली जाते ते समजत नाही.

आणि शेवटी वडिलांची संमती मागितली गेली. ते वारले म्हटल्यावर वारस प्रमाणपत्र मागितलं गेलं. नॉमिनी बदलायला जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही, तो जिवंत असो वा नसो. तो अधिकार पॉलिसीधारकाचा, आणि पॉलिसीधारक मी आहे.

आता हा विलंब मला का खुपतो ते सांगते, कारण आपल्या खिडकीला हे "किरकोळ दुरुस्ती"चं काम वाटतं. नॉमिनी आधी वारला आणि दुसरा नेमलेला नसेल तर रक्कम पॉलिसीधारकाच्या वारसांकडे जाते. मी हिंदू विवाहित स्त्री. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे माझे पहिले वारस मुलं आणि नवरा. त्यांच्यानंतर नवऱ्याचे वारस. त्यांच्याही नंतर माझे आईवडील. म्हणजे मृत्युपत्र नसेल, तर आज मला काही झाल्यास 15 लाखांतला एक रुपयाही आईपर्यंत हक्काने पोचत नाही. मुलाच्या पॉलिसीत असं होत नाही, कारण त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते. लेकीच्या आईला पैसे मिळण्याची वाट नॉमिनीच्या त्या एका ओळीतून जाते, आणि तीच ओळ आपण अडवून धरली आहे.

विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती लाभार्थी नॉमिनी मानली जातात. त्यांनी पैसे उचलून इतरांच्या हाती द्यायचे, एवढंच त्यांचं काम उरत नाही. यालाही मर्यादा आहे, ते मला माहीत आहे. 2025 साली धारवाड खंडपीठापुढे असंच प्रकरण आलं. लग्नाआधी पॉलिसी घेतलेली, नॉमिनी आई. पुढे लग्न झालं, मूल झालं, नॉमिनी बदलायचा राहिला आणि माणूस गेला. वारस हक्क सांगत असतील तर नॉमिनीचा हक्क त्यांच्या आड येत नाही, असं म्हणत न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल यांना समान वाटा दिला. तो निकाल कर्नाटकातला आहे, महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरी मी नवऱ्याशी बोलून मृत्युपत्रातही तेच 50-50 लिहून ठेवलं आहे. माझ्या बाजूचं जेवढं होतं तेवढं मी केलं.

आपल्या बाजूचं काय? कलम 39 सांगतं की नॉमिनीचा बदल नोंदवल्याची लेखी पोच विमा कंपनीने द्यायची आहे. आवकचा शिक्का म्हणजे ती पोच नव्हे. शिक्का सांगतो की कागद आपल्याकडे आला. पोच सांगते की नोंद झाली आणि पॉलिसीला एंडोर्समेंट जोडली. या दोहोंच्या मध्ये माझी आई उभी आहे. पॉलिसीधारकांच्या हितसंरक्षणाच्या 2002 आणि 2017 च्या नियमांत अशा कामाला 10 दिवस होते, 2024 च्या परिपत्रकाने ते 7 केले. आपल्या हिशेबात दिवस कसे मोजतात कोण जाणे. हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून न चुकता जातो. तिथे माझ्या नावावर, पत्त्यावर आणि नात्यांवर कुणाचाही आक्षेप नसतो. मध्यंतरी "आपली सेवा विनंती पूर्ण झाली आहे" असा संदेशही आला. पोर्टल उघडलं, तर नॉमिनीच्या रकान्यात वडीलच.

तेव्हा विनंती एवढीच, आणि ती विनंती आहे असं मी शेवटचं म्हणते. एक तर नोंद करून एंडोर्समेंटसह मूळ पॉलिसी परत द्या. त्यात आईचं आणि नवऱ्याचं नाव त्यांच्या बँक खात्यावर आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा. नाहीतर रक्कम पाठवताना नाव जुळत नाही म्हणून पुन्हा हेच सुरू होईल. किंवा अर्ज कोणत्या नियमाखाली नाकारला ते कलमासह लेखी द्या. या पत्राची प्रत आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आजच्या तारखेने दिली आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही, की हीच फाइल पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईल, आवकच्या शिक्क्यासकट.

आपली,
एक पॉलिसीधारक
(नाव पॉलिसीवर आहे तेच)