सोबत : वरीलप्रमाणे

वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, तेही चाळीस मजली इमारतीत, असा हा प्रवास. उरलेल्या इमारतींबाबत प्रकाश आणि वायुवीजनाचे अहवाल सरकारला पाठवणाऱ्या वाचकांची तक्रार मात्र एकच आहे : शंभर पाने पाठवली की उत्तर येते, ‘दोन पानी टिपणी सादर करावी.’

टिपणी मागण्यात गैर काही नाही. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर रोज डझनभर फायली येतात आणि तो वास्तुविशारद नसतो. गैर आहे ते पुढचे. अहवाल कक्षातल्या कपाटात राहतो आणि टिपणी एकटीच वर जाते. तिच्या तळाशी ‘सोबत : वरीलप्रमाणे’ लिहिलेले असते, पण सोबत काहीच नसते. त्यामुळे ‘तपशील परिशिष्ट चारमध्ये’ असे लिहिणे म्हणजे तो तपशील फायलीबाहेर टाकणे होय. आपली मंडळीही कमी नाहीत. कार्यकारी सारांश उचलायचा, समास कमी करायचे, अक्षर बारीक करायचे आणि सहा पानांचा मजकूर दोन पानांत कोंबायचा! तो कुणी वाचत नाही, हे बरेच म्हणायचे.

गोवंडीच्या अभ्यासाचेच उदाहरण घ्यावे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ने आयआयटी मुंबईच्या संशोधकांच्या साथीने केलेला हा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. पैसे एमएमआरडीएशी संलग्न पर्यावरण सुधारणा सोसायटीचे होते. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींतील चार हजारांहून अधिक घरांची पाहणी झाली. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दहा घरांमागे एका घरात क्षयरुग्ण आढळला. इमारतींमध्ये मोकळी जागा असलेल्या पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. मूळ मांडणीत ‘स्काय व्ह्यू फॅक्टर’ आणि दिवसाच्या उजेडाची गणिते आहेत. सचिवाला त्यांचा उपयोग शून्य.

त्याला हवे ते वाक्य साध्या भूमितीतून निघते. आठ मजल्यांची इमारत सुमारे २३ मीटर उंच भरते आणि समोरची इमारत तीन मीटरवर आहे. तळमजल्याच्या खिडकीत उभे राहिले, तर आकाशाची पट्टी दिसायला नजर ऐंशीहून अधिक अंश वर न्यावी लागते, म्हणजे जवळपास डोक्यावर. एवढे सांगितले की गुणांकाची गरज उरत नाही, आणि त्यातून मागणीही थेट पुढे येते : दोन इमारतींमधले किमान अंतर उंचीच्या प्रमाणात ठरवावे आणि त्यातून सवलत देण्याआधी खालच्या मजल्यांचा उजेड मोजावा. टिपणीचे पहिले वाक्य हेच हवे. अभ्यास कुणी, कधी, कशासाठी केला, याला दुसऱ्या परिच्छेदात दोन ओळी पुरतात.

दोन पाने करताना सगळ्यात आधी बळी जातो तो अभ्यासाच्या मर्यादांचा. गोवंडीत मोकळी जागा आणि क्षयरोग यांचा संबंध दिसला. अंतर कमी म्हणूनच रोग झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही. या वसाहतींमधली माणसे, त्यांची मिळकत, घरातली दाटी हे सगळे सारखे नव्हते. शिवाय तिथल्या इमारती वरळीच्या चाळीस मजल्यांपेक्षा कितीतरी ठेंगण्या. तेथील आकडा इथे जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. मोजणी इथेच करावी लागेल. या दोन मर्यादा गाळल्या, तर विरोधी सल्लागार पहिल्याच बैठकीत टिपणी उडवून लावतो आणि तिच्याबरोबर अहवालही जातो. त्या दुसऱ्या पानाच्या तळाला लपवू नयेत, आकड्यांना लागूनच द्याव्यात.

टिपणी जमली की नाही हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. ती चाळीतल्या एखाद्या रहिवासी संघाच्या चिटणिसाला द्यावी, दहा मिनिटांनी काढून घ्यावी आणि विचारावे : सरकारने नेमके काय करायचे? मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, अशा मजल्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला उजेड शिकवावा लागत नाही. तो ‘क्षयरोगावर काहीतरी आहे’ म्हणाला, तर मागणी हरवली आहे. ‘मध्ये अंतर सोडा म्हणतात, पण आधी मोजा म्हणतात’ असे म्हणाला, तर टिपणी खुशाल पाठवावी.

वरळीच्या पुढच्या इमारतींचे काम चालू आहे. ज्यांच्याकडे तयार अहवाल पडून आहेत, त्यांनी त्यांच्या टिपण्या या मासिकाकडे पाठवाव्यात. निवडक टिपण्या मूळ अहवालातील उताऱ्यांसह छापल्या जातील. अक्षर नेहमीच्या आकाराचे असावे. तिसरे पान आले, तर मजकूर परत जाईल.