जुना टायर घेताय? आधी ‘हे’ चार आकडे बघा!

समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. गुळगुळीत टायरवाल्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. मग अनेकांनी स्वस्तातला उपाय शोधला, तो म्हणजे ‘चांगली नक्षी असलेला’ जुना टायर. माझ्या मते खरी फसगत इथेच होते, कारण नक्षी दिसते तेवढी खरं बोलत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या मित्राला कारसाठी असाच एक टायर मिळाला. फोटोत एकदम काळाभोर, खाचा चांगल्या खोल. कारसाठी किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, इथे ५ मिलिमीटर होती. मी म्हटलं, थांब, आधी तारीख बघू.

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारा कोड असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. हा पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, त्यामुळे टायर उलटून बघा. आम्हाला दिसलं ३५१५, म्हणजे २०१५ चा ३५ वा आठवडा. न वापरताही रबर कडक होत जातं आणि आतल्या स्टीलच्या पट्ट्यांवरची त्याची पकड सुटू लागते. १२० च्या वेगात टायर तापला की वरचा थर सोलून निघू शकतो. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांनी बदल सुचवतात.

मग इतक्या जुन्या टायरच्या खाचा खोल कशा? मोबाइलचा टॉर्च लावला. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, ते मधोमध कापलेले होते. म्हणजे गरम पात्याने खाचा नव्याने कोरल्या होत्या! अशा कोरण्यामुळे स्टीलवरचं रबर आणखी पातळ होतं.

शेवटी आतली बाजू. टायर रिमवर बसवलेला असेल तर तो उतरवायला सांगाच. मधल्या भागातलं छोटं पंक्चर आतून नीट पॅच लावून बुजवलेलं असेल तर चालतं, पण बाजूच्या भिंतीवर पॅच असेल तर सरळ नकार द्या. आत गोलाकार सुरकुत्या किंवा रबराचा भुगा दिसला, तर तो टायर हवा नसताना पळवलेला आहे, त्याचे आतले धागे तुटलेले असू शकतात. बाहेरून फुगवटा दिसला तरी तेच समजा.

हे सगळं तपासूनही धोका शून्य होत नाही. आतला प्रत्येक तुटलेला धागा डोळ्यांना दिसत नाही. मित्राने तो टायर तिथेच ठेवला. तुम्हीही विक्रेत्याकडे आधी दोन फोटो मागा: एक त्या चार आकड्यांचा, दुसरा आतल्या बाजूचा. तो टाळाटाळ करत असेल, तर उत्तर मिळालंच म्हणायचं!