विश्लेषण : उत्पन्न सारखेच, तरी क्रमवारीत ७२ स्थानांचे अंतर! मानव विकास निर्देशांकात असे का होते?

श्रीलंका आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील इक्वेटोरियल गिनी. २०२१ मध्ये या दोन देशांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते. मात्र त्या वर्षाच्या आकडेवारीवर आधारलेल्या मानव विकास निर्देशांकात १९१ देशांपैकी श्रीलंका ७३ वा होता, तर इक्वेटोरियल गिनी १४५ वा. उत्पन्न सारखे असताना एवढे अंतर कुठून आले, हे समजून घेण्यासाठी निर्देशांकाचे गणितच उलगडून पाहावे लागते.

निर्देशांकात नेमके काय मोजले जाते?

संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रमाने १९९० मध्ये हा निर्देशांक पहिल्यांदा प्रसिद्ध केला. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांची ही कल्पना. तिला आकार देण्यात अमर्त्य सेन यांचाही वाटा होता. निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन घटक असून तिघांचे वजन समान आहे.

आरोग्यासाठी जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान घेतले जाते. राहणीमानासाठी दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न घेतात. मात्र ते देशोदेशींच्या किमतींतील फरक जमेस धरून डॉलरमध्ये मांडलेले असते. शिक्षणासाठी दोन आकडे लागतात. आज शाळेत जाऊ लागलेले मूल किती वर्षे शिकेल, हा पहिला. पंचविशी ओलांडलेल्या प्रौढांनी प्रत्यक्षात सरासरी किती वर्षे शिक्षण घेतले, हा दुसरा. पहिला आकडा आजच्या शाळांबद्दल सांगतो, तर दुसरा गेल्या कित्येक दशकांतील शाळांबद्दल.

वर्षे आणि डॉलर एकत्र कसे जोडतात?

प्रत्येक आकडा आधी शून्य ते एक या पट्टीवर आणला जातो. आयुर्मानासाठी ही पट्टी २० ते ८५ वर्षांची आहे. अपेक्षित शिक्षणाची कमाल मर्यादा १८ वर्षे, प्रौढांच्या शिक्षणाची १५ वर्षे. उत्पन्नाची पट्टी १०० ते ७५ हजार डॉलरची. आयुर्मान ७२ वर्षे असेल, तर २० च्या वरची ५२ वर्षे भागिले ६५, म्हणजे ०.८ गुण.

उत्पन्नाचे गुण मात्र सरळ भागाकाराने मिळत नाहीत. तिथे लॉगॅरिदम वापरला जातो. गरीब घरात येणाऱ्या हजार रुपयांचे मोल श्रीमंत घरातल्या हजारापेक्षा जास्त, हा त्यामागचा विचार. त्यामुळे उत्पन्न जसजसे वाढते, तसतसा प्रत्येक जादा डॉलरमुळे मिळणारा लाभ घटत जातो.

शेवटी तिन्ही घटकांच्या गुणांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ काढले जाते. २०१० पर्यंत साधी सरासरी काढत असत. गुणाकारामुळे एका घटकातील मोठी उणीव दुसऱ्या घटकातील भरभराटीने सहज झाकली जात नाही.

मग दोन्ही देशांत फरक कुठे पडला?

२०२१ मध्ये श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न १२,५७८ डॉलर होते आणि इक्वेटोरियल गिनीचे १२,०७४ डॉलर. या घटकात श्रीलंकेला ०.७३ गुण मिळाले, तर गिनीला ०.७२. इथे जवळपास बरोबरी आहे.

आयुर्मानात मात्र श्रीलंका ७६.४ वर्षांवर आणि गिनी ६०.६ वर्षांवर, म्हणजे गुण अनुक्रमे ०.८७ आणि ०.६२. शिक्षणातील दरी याहून रुंद. श्रीलंकेतील मुलाला १४.१ वर्षे शिक्षण अपेक्षित, गिनीतील मुलाला ९.७ वर्षे. श्रीलंकेतील प्रौढ सरासरी १०.८ वर्षे शिकलेले, गिनीतील ५.९ वर्षे. शिक्षणाचे गुण झाले ०.७५ आणि ०.४७. सगळे मिळून श्रीलंकेचा निर्देशांक ०.७८२, तर गिनीचा ०.५९६.

याच सूत्रात आकडे बदलून पाहिले, तर चित्र अधिक स्पष्ट होते. इक्वेटोरियल गिनीचे उत्पन्न दुप्पट, म्हणजे २४ हजार डॉलरच्या वर गेले आणि बाकी काहीच बदलले नाही, तर निर्देशांक जेमतेम ०.६२ होतो. उत्पन्न आहे तेवढेच ठेवून आयुर्मान श्रीलंकेइतके केले, तर तो ०.६६ होतो. फक्त शिक्षण श्रीलंकेइतके केले, तर सुमारे ०.७० वर पोहोचतो.

ही दरी कशामुळे तयार झाली?

इक्वेटोरियल गिनीत १९९० च्या दशकात समुद्रात तेलाचे मोठे साठे सापडले. लोकसंख्या अगदी थोडी असल्याने दरडोई उत्पन्नाचा आकडा झपाट्याने वाढला. १९७९ पासून तेथे तेओदोरो ओबियांग यांची सत्ता आहे. तेलाचा पैसा आरोग्य आणि शिक्षणावर पुरेसा खर्च झाला नाही, अशी टीका ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०१७ च्या अहवालात केली होती. शिवाय तेल आज सापडले, तरी शाळेत न गेलेली पिढी प्रौढांच्या आकडेवारीत पुढची काही दशके राहतेच.

श्रीलंकेची वाटचाल उलट दिशेने झाली. तेथे शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, बालवर्ग ते विद्यापीठ मोफत शिक्षण सुरू झाले. सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत आहेत आणि गरोदर मातांची घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या सरकारी सुईणी गावोगावी आहेत. उत्पन्न कमी असतानाच या सोयी उभ्या राहिल्या.

निर्देशांकाला काय दिसत नाही?

७३ व्या स्थानाचा हा अहवाल सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्याआधी एप्रिलमध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली होती, आणि जुलैमध्ये अध्यक्ष गोताबाया राजपक्षे देश सोडून गेले होते. निर्देशांकात त्याची चाहूलही नव्हती. आकडेवारी आदल्या वर्षाची होती आणि त्यात कर्ज, महागाई किंवा परकीय गंगाजळी मोजलीच जात नाही. लोकांचे आयुष्य आणि शिक्षण एका संकटाने लगेच घटतही नाही. विषमताही सरासरीत लपते. म्हणून २०१० पासून विषमता वजा केलेला निर्देशांक वेगळा दिला जातो.

भारताचे काय?

मे २०२५ च्या अहवालात भारत आणि बांगलादेश दोघेही १३० व्या स्थानी आहेत, निर्देशांकही ०.६८५ असा सारखाच. पण भारताचे दरडोई उत्पन्न ९,०४७ डॉलर, बांगलादेशाचे ८,४९८. शिक्षणातही भारत किंचित पुढे. बांगलादेशाने ही तूट आयुर्मानात भरून काढली : तेथे ते ७४.७ वर्षे, भारतात ७२.

सारख्या क्रमांकामागेही असा फरक असू शकतो. तो ओळखण्यासाठी अहवालाच्या मुख्य तक्त्यात एक रकाना असतो. उत्पन्नाच्या क्रमवारीतील स्थानातून निर्देशांकातील स्थान वजा करून येणारा आकडा त्यात दिलेला असतो. तो अधिक असेल, तर देशाने उत्पन्नाच्या मानाने आरोग्य आणि शिक्षणात जास्त कमावले आहे. उणे असेल, तर पैसा आला, पण तो शाळा-दवाखान्यांपर्यंत तेवढा पोहोचला नाही.